संगणकाचाही पासवर्ड असतो

सकाळी कार्यालयात येऊन संगणक सुरू करावा, नेहमीचा पासवर्ड टाकावा आणि पडद्यावर एकच इंग्रजी ओळ यावी: `The trust relationship between this workstation and the primary domain failed`. पासवर्ड बरोबर असतो, नेटवर्क चालू असतं, शेजारच्या टेबलावरचा संगणक सुरळीत चाललेला असतो. आपल्याच संगणकाला मात्र सर्व्हर ओळखत नाही.

अशा वेळी बोलावलेला इंजिनिअर बहुधा दोनपैकी एक उपाय सांगतो. एक म्हणजे विंडोज नव्याने टाकायचं. दुसरा म्हणजे मशीन डोमेनमधून काढून परत जोडायचं. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण डेस्कटॉपवरच्या फायली, आउटलुकची मांडणी, ब्राउझरमधल्या खुणा, वर्षभर जमवलेलं सगळं गेलं असं वाटतं. खरं तर यातलं काहीच जायला नको. बिघाड फाइलींचा नसतो आणि वापरणाऱ्याच्या खात्याचाही नसतो. तो असतो संगणकाच्या स्वतःच्या पासवर्डाचा.

अनेक संगणक एकत्र सांभाळणाऱ्या कार्यालयात मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नावाचं केंद्रीय रजिस्टर असतं. ते ज्या सर्व्हरवर राहतं त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. या रजिस्टरात माणसांची खाती असतात, तशी प्रत्येक संगणकाचीही असतात. `ACC-PC07` नावाचं मशीन डोमेनमध्ये जोडलं की तिथे `ACC-PC07$` असं शेवटी डॉलरचिन्ह असलेलं खातं तयार होतं आणि त्याला पासवर्ड मिळतो. तो १२० अक्षरांचा, विंडोजने स्वतः बनवलेला असतो. तो कोणी टाइप करत नाही की कुठे लिहून ठेवत नाही. त्याची एक नोंद संगणकाच्या रजिस्ट्रीत सुरक्षित कप्प्यात असते, दुसरी डोमेन कंट्रोलरवर. संगणक सुरू झाला की आधी तो या पासवर्डाने सर्व्हरशी स्वतःची ओळख पटवतो आणि दोघांमध्ये एक सुरक्षित मार्ग उघडतो. तुमचा पासवर्ड तपासण्याचं काम त्या मार्गानेच होतं. मार्गच उघडला नाही, तर तुमचा पासवर्ड कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

हा पासवर्ड कायमचा नसतो. मुद्दाम काही बदललं नसेल, तर दर ३० दिवसांनी संगणक स्वतःहून नवा बनवतो आणि सर्व्हरला कळवतो. इथेच एक गैरसमज घट्ट रुजला आहे: लॅपटॉप महिनाभर बंद राहिला की हा दुवा तुटतो. तसं होत नाही. पासवर्ड बदलायची सुरुवात नेहमी संगणकाकडून होते, सर्व्हरकडून नाही. सर्व्हरशी संपर्क नसेल, तर संगणक पासवर्ड बदलतच नाही. शिवाय या खात्याच्या पासवर्डाला सर्व्हरवर मुदतही नसते. सहा महिने कपाटात राहिलेला लॅपटॉप बाहेर काढला, तर तो जुन्याच पासवर्डाने आत येतो आणि मग निवांत नवा बनवतो. बंद लॅपटॉप खरोखर बाहेर फेकला गेला असेल, तर बहुधा दरम्यान कोणीतरी 'बरेच दिवस न वापरलेली खाती' साफ करताना त्याचं खातं निष्क्रिय केलेलं किंवा पुसलेलं असतं.

मग दोन्हीकडचे पासवर्ड वेगळे होतात कसे? त्याची कारणं मोजकीच आहेत. संपूर्ण डिस्कचा जुना बॅकअप परत चढवला की संगणकाकडे जुना पासवर्ड येतो, सर्व्हरकडे नवाच राहतो. व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर नेलं तरी हेच घडतं. कोणी सर्व्हरवर त्या खात्यावर 'रीसेट' केलं, तर बदल सर्व्हरच्या बाजूने होतो. आणि चौथं कारण, जे लवकर ध्यानात येत नाही, ते म्हणजे त्याच नावाचं दुसरं मशीन डोमेनमध्ये जोडलं जाणं. हे चौथं प्रकरण नीट पाहू, कारण त्यात घाईने केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी परत बिघडते.

समजा, चाळीसेक संगणकांचं कार्यालय आहे. हिशेब विभागातल्या बाईंचं मशीन `ACC-PC07`, त्यावर विंडोज १०. मंगळवारी सकाळी त्यांना वरचा संदेश दिसला. सोमवारी संध्याकाळी त्या साडेपाचला संगणक बंद करून गेल्या होत्या आणि तोपर्यंत सगळं ठीक होतं. संगणक सांभाळणारे गृहस्थ आले.

त्यांनी आधी एक साधी गोष्ट केली. नेटवर्कची तार काढली, बाईंना नेहमीच्या नावानेच लॉगिन करायला सांगितलं आणि डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. यात चमत्कार काही नाही. अलीकडे त्या मशीनवर लॉगिन केलेल्यांच्या पासवर्डाची पडताळणी विंडोज स्वतःजवळ जपून ठेवते. मूळ मांडणीत अशा दहा नोंदी राहतात. सर्व्हर समोर नसेल, तर ती नोंद वापरून आत सोडलं जातं. लॅपटॉप असेल तर वायफायही बंद करावं लागतं. सर्व्हरवरच्या सामायिक फायली अशा वेळी उघडत नाहीत, पण मशीनवरच्या उघडतात. तातडीची फाइल असेल, तर ती पेनड्राइव्हवर घेण्यापुरता हा मार्ग पुरतो. त्याहून मोठा फायदा असा, की प्रोफाइल शाबूत आहे हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं आणि पुढचं काम शांतपणे होतं.

त्यानंतर त्यांनी तार परत जोडली आणि मशीनच्याच स्थानिक प्रशासक खात्याने लॉगिन केलं. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, म्हणजे `.\itadmin` असं लिहिलं, की विंडोज डोमेनला न विचारता स्थानिक खातं शोधते. इथे डेस्कटॉप रिकामा दिसतो, आणि पाहणाऱ्याला धस्स होतं. तो रिकामा असतो कारण ते दुसऱ्या खात्याचं घर आहे. बाईंचं सामान `C:\Users\accounts1` मध्ये होतं तसंच असतं.

प्रशासक म्हणून पॉवरशेल उघडून त्यांनी तपासणी केली:

```
Test-ComputerSecureChannel
```

उत्तर आलं `False`. म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित मार्ग जुळत नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये NETLOGON कडून आलेली ३२१० क्रमांकाची नोंदही होती. मला सर्व्हरसमोर ओळख पटवता आली नाही, अशी ती संगणकाची स्वतःची तक्रार असते. एक सूचना इथेच देतो: ही आज्ञा विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये चालते. वेगळं बसवलेलं पॉवरशेल ७ उघडलं, तर ती सापडत नाही आणि नवशिक्या गोंधळतो.

बरेच जण या टप्प्यावर लगेच दुरुस्तीची आज्ञा देतात. आमच्या उदाहरणातल्या गृहस्थांनी आधी विचारलं: काल संध्याकाळपर्यंत चालणारा पासवर्ड रात्रीतून चुकला कसा? मशीन तर बंद होतं. त्यांनी सर्व्हरवर जाऊन त्या खात्याची नोंद काढली:

```
Get-ADComputer ACC-PC07 -Properties PasswordLastSet, OperatingSystem |
  Select-Object Name, Enabled, PasswordLastSet, OperatingSystem
```

उत्तरात दोन गोष्टी खटकल्या. पासवर्ड शेवटचा बदलल्याची वेळ होती सोमवार, संध्याकाळचे ५ वाजून ४२ मिनिटं. त्या वेळी बाईंचा संगणक बारा मिनिटं आधीच बंद झालेला होता, आणि बंद मशीन पासवर्ड बदलत नाही. दुसरं, ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागी `Windows 11 Pro` लिहिलेलं होतं. बाईंचं मशीन तर विंडोज १० चं. म्हणजे `ACC-PC07` या नावाने रजिस्टरात आता दुसराच संगणक नांदत होता.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सोमवारी एक नवं मशीन आलं होतं. बसवणाऱ्या मुलाने जुन्या यादीत ७ क्रमांक मोकळा पाहिला, तेच नाव दिलं आणि डोमेनमध्ये जोडलं. त्याच नावाचं खातं आधीच असल्यामुळे विंडोजने नवं बनवलं नाही. जुनंच वापरलं आणि त्याला नवा पासवर्ड दिला. त्या क्षणी बाईंच्या बंद संगणकातला पासवर्ड शिळा झाला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणांपासून असं जुनं खातं वापरण्यावर बंधन घातलं आहे. ते खातं ज्याने बनवलं त्याला, किंवा खातं डोमेनच्या प्रशासकाने बनवलेलं असेल तर, सूट मिळते. इथे दोन्ही मशीन प्रशासकाच्याच नावाने जोडली होती, म्हणून कुठेही अडलं नाही.

आता घाईने बाईंच्या मशीनवर दुरुस्ती केली असती तर काय झालं असतं? त्यांचा संगणक चालू झाला असता, आणि त्याच क्षणी नव्या मशीनचा पासवर्ड चुकला असता. बुधवारी सकाळी तोच संदेश दुसऱ्या टेबलावर आला असता. तिथे दुरुस्ती केली की परत बाईंकडे. कार्यालयात 'हा प्रॉब्लेम आलटून पालटून येतो, सर्व्हरच खराब आहे' अशी समजूत पसरते ती अशा प्रकरणांतूनच. एकाच खात्यावर दोन मशीन दावा सांगत असतील, तोवर कोणतीही दुरुस्ती टिकत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. त्यांनी आधी नवं मशीन डोमेनमधून बाहेर काढलं, त्याला `ACC-PC12` हे नाव दिलं आणि नव्याने जोडलं. त्याचं स्वतंत्र खातं तयार झालं. नाव नुसतं बदलून भागवण्याचा मोह इथे होतो, पण डोमेनमध्ये असताना नाव बदललं तर रजिस्टरातलं खातंच नव्या नावाने जातं, आणि बाईंच्या मशीनसाठी खातं उरत नाही. बाहेर काढताना विंडोज सहसा ते खातं निष्क्रिय करते, म्हणून त्यांनी सर्व्हरवर `ACC-PC07` परत सक्रिय केलं. मगच बाईंच्या संगणकावर येऊन आज्ञा दिली:

```
Test-ComputerSecureChannel -Repair -Server SRV-DC1 -Credential KARYALAY\itsupport
```

ही आज्ञा संगणकासाठी नवा पासवर्ड बनवते आणि दोन्ही बाजूंना तोच नोंदवते. मशीन जुन्या पासवर्डाने स्वतःची ओळख देऊ शकत नाही, म्हणून सर्व्हरवर बदल करायला अधिकार असलेल्या माणसाचं नाव आणि पासवर्ड लागतो. त्यासाठी संपूर्ण डोमेनचा प्रशासक असण्याची गरज नाही. त्या संगणक खात्याचा पासवर्ड रीसेट करण्याचा हक्क पुरतो. `-Server` मध्ये डोमेन कंट्रोलरचं नाव दिलेलं बरं, विशेषतः दोन-तीन सर्व्हर असतील तर. नव्या पासवर्डाची नोंद एका सर्व्हरवर पोहोचून दुसऱ्यावर पसरायला थोडा वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळेत लॉगिन परत फसू शकतं.

उत्तर आलं `True`. बाईंनी लॉगिन केलं. तोच डेस्कटॉप, त्याच फायली, प्रिंटरही तसाच. विंडोज परत टाकावं लागलं नाही, मशीन डोमेनमधून काढावंही लागलं नाही. `Reset-ComputerMachinePassword` ही आज्ञाही हेच काम करते. पहिली अडली, तर दुसरी करून पाहावी.

प्रोफाइल का टिकलं, हे समजून घेतलं की भीती कायमची जाते. विंडोजच्या लेखी प्रोफाइल संगणक खात्याच्या मालकीचं नसतं, माणसाच्या खात्याच्या मालकीचं असतं. प्रत्येक माणसाच्या खात्याला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, `S-1-5-21` पासून सुरू होणारा. त्याला सिड म्हणतात. कोणत्या सिडचं घर कोणतं फोल्डर, ही नोंद रजिस्ट्रीत `ProfileList` या कप्प्यात असते. संगणकाचा पासवर्ड बदलला तरी ही नोंद जागची हलत नाही. वाड्याच्या फाटकाचं कुलूप बदललं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही, तसंच हे. नोंद स्वतः पाहायची असेल तर:

```
Get-CimInstance Win32_UserProfile | Select-Object LocalPath, SID
```

यावरून हेही कळतं, की मशीन डोमेनमधून काढून त्याच डोमेनमध्ये परत जोडलं तरी प्रोफाइल जात नाही, कारण माणसाचा सिड तोच राहतो. तरी तो मार्ग शेवटचा ठेवावा. काढल्याबरोबर जपून ठेवलेलं लॉगिन बंद होतं, आणि स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड कोणाला ठाऊक नसेल तर मशीनच्या दाराबाहेर उभं राहायची वेळ येते. दोनदा रीस्टार्ट करावं लागतं ते वेगळंच. वर सांगितलेल्या २०२२ च्या बंधनामुळे परत जोडताना अडथळा आला, तर जुन्या खात्याचा मालक शोधत बसावं लागतं.

प्रोफाइल खरोखर हातचं जातं ते दुसऱ्याच कारणांनी. सर्व्हरवर माणसाचं खातं पुसून त्याच नावाने नवं बनवलं, की नाव तेच पण सिड नवा. विंडोजच्या दृष्टीने तो नवा माणूस आहे. त्याला नवं, रिकामं फोल्डर मिळतं, आणि जुनं `accounts1` बाजूला पडून राहतं. फायली डिस्कवर असतात, पण हक्कही जुन्या सिडचेच. त्याच नावाचं स्थानिक खातं बनवलं तरी असंच होतं. सिस्टिमच्या खिडकीतून 'बिघडलेलं प्रोफाइल' म्हणून डिलीट केलं, तर फोल्डरही जातं. घाईत ही पावलं उचलली जातात, कारण उचलणाऱ्याला वाटतं की बिघाड वापरणाऱ्याच्या खात्यात आहे.

आणखी एक चूक महागात पडते: सर्व्हरवरचं संगणक खातं पुसून नव्याने बनवणं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि तिची रिकव्हरी की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ठेवली जात असेल, तर ती की त्या संगणक खात्याच्याच पोटात असते. खातं पुसलं की कीही गेली. पुढे कधी डिस्कने ती मागितली आणि कुठे लिहून ठेवलेली नसेल, तर माहिती कायमची बंद. स्थानिक प्रशासकाचे पासवर्ड आपोआप बदलणारी लॅप्स नावाची व्यवस्था असेल, तर तो पासवर्डही त्याच खात्यावर नोंदलेला असतो. आमच्या उदाहरणात तर आणखी एक पेच होता. दोन मशीननी एकच खातं वापरलं होतं, त्यामुळे लॅप्स चालू असती तर तिथे दिसणारा पासवर्ड नव्या मशीनचा असू शकला असता, आणि तो बाईंच्या मशीनवर चालला नसता. म्हणून खातं निष्क्रिय असेल तर सक्रिय करावं, पुसलं गेलं असेल तर डिरेक्टरीच्या रिसायकल बिनमधून परत आणावं. आपल्या हाताने मात्र पुसू नये.

तर पुढच्या वेळी ही ओळ पडद्यावर आली आणि कोणी लगेच विंडोज परत टाकायला निघालं, तर त्याला आधी तीन गोष्टी विचारा. त्या संगणकाच्या खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला? तेव्हा हे मशीन चालू होतं का? आणि खातं सक्रिय आहे का? उत्तरं मिळाली की दुरुस्तीची आज्ञा एका ओळीची आहे. उत्तरं मिळेपर्यंत माणसाचं खातं, संगणकाचं खातं आणि `C:\Users` मधलं फोल्डर यांपैकी कशालाही कोणाला हात लावू देऊ नका.